कॉफी किती, पाणी किती: कपापासून उलटं मोजायचं गणित

गेल्या महिन्यात धुळ्याहून भाचीचा फोन आला. "मामा, पुड्यावर एकास सोळा लिहिलंय. काट्यावर मोजून केलं, तरी कॉफी पानचट झाली."

"दूध घातलंस?"

"मग? कोरी कोण पितं आमच्याकडे?"

"किती घातलंस?"

"अर्धा कप कॉफी, अर्धा कप दूध."

चूक इथेच होती. एकास सोळा, म्हणजे १ ग्रॅम कॉफीला १६ ग्रॅम पाणी, हे प्रमाण कोऱ्या कॉफीचं आहे आणि ते ओतलेल्या पाण्यावर मोजतात. भाचीने १५ ग्रॅम पावडरीवर २४० ग्रॅम पाणी ओतलं. त्यातलं ३० ग्रॅम पावडरीने धरून ठेवलं आणि साधारण २१० ग्रॅम कॉफी हाती आली. तिच्यात तेवढंच दूध गेल्यावर प्यायला ४२० ग्रॅम पेय झालं. १५ ग्रॅम पावडर ४२० ग्रॅममध्ये पसरली, म्हणजे कपात प्रमाण झालं एकास अठ्ठावीस. दोष पुड्याचाही नव्हता आणि भाचीचाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

जळगाव, भुसावळ, चोपडा, कुठेही जा, आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध आलंच. म्हणून पुड्यावरच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. कपापासून सुरुवात करा आणि उलटं पावडरीपर्यंत या. ते कसं करायचं, ते खाली क्रमाने लिहिलंय.

## तयारी

काटा. चमच्याने मोजू नका. एकाच चमच्याने, एकाच डब्यातून मी लागोपाठ तीनदा पावडर काढून तोलली, तर एकदा ५.१ ग्रॅम भरली, एकदा ६.४ आणि शीग लावल्यावर ७.३. ही तफावत एका चमच्याची झाली. तीन चमचे घेतले की फरक पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा असेल तर उत्तम. जळगावच्या सराफ बाजारात माझा एक मित्र बसतो. माझा काटा पाहून तो म्हणाला, "काय भो, कॉफी मोजतोस का सोनं?" स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटाही चालेल, फक्त १० ग्रॅमपेक्षा कमी पावडर त्याच्यावर मोजू नका.

पाणीही काट्यावरच. थंड पाणी १ मिली म्हणजे १ ग्रॅम धरता येतं, उकळतं पाणी नाही. ते फुगलेलं असतं, त्यामुळे मापाच्या भांड्यात २४० मिली दिसलं तरी वजन २३० ग्रॅमच्या आसपासच भरतं. त्यामुळे भांडं काट्यावर ठेवा, शून्य करा आणि मग ओता.

कप. घरातल्या ज्या कपातून तुम्ही खरोखर पिता, त्यात नेहमीच्या उंचीपर्यंत पाणी भरून तोला. काठापर्यंत भरू नका. आमच्याकडचा चहाचा कप १२० ग्रॅमचा निघाला आणि पाहुण्यांसाठीचा मग २१० चा. हा आकडा माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत राहतं.

पाणी कुठलं? कुठलंही घ्या, पण चाचणीचे आठ-दहा दिवस तेच ठेवा. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. तसल्या जड पाण्यात कॉफीचा आंबटपणा दबतो आणि चव मातकट लागते. उलट आरओचं अगदी हलकं पाणी कधीकधी सपक कॉफी देतं. आज जारचं आणि उद्या नळाचं पाणी घेतलंत, तर चव प्रमाणामुळे बदलली की पाण्यामुळे, हे कधीच कळणार नाही.

> थांबा, तपासा: पुड्यावर चिकोरीची, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळीच्या पुडीची, टक्केवारी छापलेली असते, ती वाचून घ्या. पुढचा आकडा तिच्यावर ठरतो.

## टप्पा १: कपाचा आकडा निवडा

'कपाचा आकडा' हा माझा घरगुती शब्द आहे. तयार पेयाचं एकूण वजन, म्हणजे कॉफी आणि दूध मिळून, भागिले कोरड्या पावडरीचं वजन. भाचीचा आकडा २८ आला होता.

सुरुवातीला तीनच आकडे लक्षात ठेवा.

निव्वळ कॉफी पावडर असेल आणि पाणी तिच्यातून पाझरत जात असेल (कागदी गाळणीचा ड्रिपर, मोका पॉट), तर १४.

चिकोरी मिसळलेली पावडर आणि दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलचा फिल्टर असेल, तर १६.

पावडर पाण्यात भिजत ठेवायची असेल (फ्रेंच प्रेस, कोल्ड ब्रू), तर १२.

हे आकडे वेगळे का, ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावे लागणार नाहीत. कॉफीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो. त्याहून फार कमी उतरला तर कॉफी आंबट, कच्ची लागते आणि फार जास्त उतरला तर कडू, तुरट. चिकोरी मात्र कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, म्हणून तेवढ्याच पावडरीत जास्त पेय निभतं आणि आकडा १६ वर जातो.

पाझरण्यात आणि भिजवण्यात फरक असा की, पाझरताना शेवटचं पाणी चोथा धुऊन काढतं. चोथ्यात अडकून राहतं ते पाणी फिकं असतं, त्यामुळे फार काही वाया जात नाही. भिजवलेल्या कॉफीत चोथ्याने धरलेलं पाणी कपातल्या कॉफीइतकंच दाट असतं आणि ते चोथ्याबरोबर फेकलं जातं. तो तोटा भरून काढायला पावडर जास्त लागते, म्हणून आकडा १२ वर येतो.

दूध म्हशीचं, सायीसकट आणि निम्म्याहून जास्त घालणार असाल, तर आकडा एक-दोनने खाली घ्या. स्निग्धांशाखाली कॉफी दबते.

## टप्पा २: दूध वजा करा, चोथ्याचं पाणी मिळवा

हे चार ओळींचं गणित आहे. कागदावर करा.

1. एकूण पेय = कप × कपाचं वजन
2. पावडर = एकूण पेय ÷ कपाचा आकडा
3. हवी असलेली कॉफी = एकूण पेय − दूध
4. ओतायचं पाणी = हवी असलेली कॉफी + पावडरीच्या दुप्पट

चौथ्या ओळीतली 'दुप्पट' म्हणजे चोथ्याने धरलेलं पाणी. एकदा स्वतःच मोजून बघा. १५ ग्रॅम पावडर ड्रिपरमध्ये घेऊन कॉफी केली आणि निथळणं थांबल्यावर ओला चोथा तोलला, तर तो माझ्याकडे ४६ ग्रॅम भरला (भिजलेल्या कागदाचं वजन वगळून). म्हणजे त्याने ३१ ग्रॅम पाणी धरलं होतं. दळण आणि भाजणी बदलली की हा आकडा थोडा हलतो, पण सुरुवातीला दुप्पट धरून चालतं.

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. फिल्टरमधून उतरणारी दाट कॉफी, म्हणजे डिकॉक्शन, १२० मिली हवं म्हणून ३० ग्रॅम पावडरीवर १२० मिली पाणी ओततात, हाती साठ येतं, आणि मग उरलेली जागा दुधाने भरतात.

## टप्पा ३: फिल्टर कॉफी, एक हिशेब पूर्ण सोडवून

घरात चार माणसं आणि १२० ग्रॅमचे कप. एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध. पावडर चिकोरीची.

एकूण पेय ४८० ग्रॅम. आकडा १६, म्हणून पावडर ३० ग्रॅम. दूध ३६०, म्हणून डिकॉक्शन हवं १२०. पाणी ओतायचं १२० अधिक ६०, म्हणजे १८० ग्रॅम.

ओतलेल्या पाण्यावर हे प्रमाण एकास सहा पडतं. 'फिल्टर कॉफी कडक असते, कोरी सौम्य असते' असं म्हणताना आपण डिकॉक्शनची तुलना कोऱ्या कॉफीशी करत असतो. दूध मिसळल्यावर हीच कॉफी कपात एकास सोळा होते.

आता कृती. वरच्या भांड्यात ३० ग्रॅम पावडर घाला, भांडं हलकंसं आपटून सपाट करा आणि दांड्याची चकती ठेवून नुसती टेकवा, दाबू नका. उकळी थांबून अर्धा मिनिट झाल्यावर पाणी घ्या. आधी ४० ग्रॅम गोलाकार ओता, अर्धा मिनिट थांबा, मग उरलेलं १४० ओता. झाकण ठेवा. वीस मिनिटं ते अर्धा तास हात लावू नका.

> थांबा, तपासा: खालचं भांडं तोला. डिकॉक्शन ११५ ते १२५ ग्रॅम असायला हवं. दहा मिनिटांच्या आतच सगळं खाली आलं असेल, तर पावडर जाड आहे किंवा फिल्टर तिच्या मानाने मोठा आहे. तासाभरानंतरही वर पाणी साचलेलं असेल, तर चकती दाबली गेलीये किंवा दळण पिठासारखं बारीक आहे.

मोठ्या फिल्टरचा घोटाळा नेहमीचा आहे. आठ कपांच्या फिल्टरमध्ये दोन कपांची १५ ग्रॅम पावडर घातली की तळाशी बोटभरही थर होत नाही आणि पाणी धबधब्यासारखं निघून जातं. प्रमाण बरोबर असूनही कॉफी फिकी लागते. अशा वेळी आकड्यात काही बदलू नका. लहान फिल्टर घ्या, नाहीतर चार कपांचं डिकॉक्शन करून निम्मं फ्रीजमध्ये ठेवा.

आणि ते 'दुसरं पाणी'. पहिलं डिकॉक्शन निघाल्यावर त्याच चोथ्यावर परत पाणी ओतायची सवय बऱ्याच घरांत आहे. प्या खुशाल, पण ते पहिल्यात मिसळू नका. मिसळलं की कुठलंच प्रमाण उरत नाही.

## टप्पा ४: फ्रेंच प्रेस, भाचीचा हिशेब

१८० ग्रॅमचे दोन कप, निम्मं दूध, निव्वळ कॉफी, आणि प्रेस ६०० मिलीचा.

एकूण ३६०. आकडा १२, म्हणून पावडर ३० ग्रॅम. दूध १८०, कॉफी हवी १८०. पाणी १८० अधिक ६०, म्हणजे २४०. प्रेसमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तळाचा गाळ कपात येऊ नये म्हणून शेवटचा घोट ओतायचा नसतो. त्यासाठी २० वाढवा. झालं २६० ग्रॅम.

आधीच्या तिच्या कॉफीशी ताडून पाहा. पाणी जवळपास तेवढंच आहे, २४० चं २६० झालं. पावडर मात्र १५ ची ३०, थेट दुप्पट. "मामा, एवढी?" असं तीही म्हणाली. दूध निम्मं हवं असेल तर एवढी लागते. महाग वाटत असेल तर दूध घटवून एकूण पेयच कमी करा. दोन्ही एकदम वाचत नाही.

दळण जाड हवं, रव्याएवढं. दुकानात 'कॉफी दळून द्या' एवढंच म्हटलंत तर फिल्टरसाठीचं बारीक दळण मिळतं, मग दांडा खाली जात नाही आणि तळाशी चिखल होतो. 'फ्रेंच प्रेससाठी जाड दळा' असं सांगा. सगळं पाणी एकदम ओता, चमच्याने एकदा ढवळा, चार मिनिटांनी दांडा सावकाश खाली न्या आणि लगेच सगळी कॉफी दुसऱ्या भांड्यात काढा. तशीच ठेवलीत तर चोथ्यावर भिजत राहते आणि दुसरा कप पहिल्यापेक्षा कडू होतो.

कोरी कॉफी पिणाऱ्याने प्रेससाठी सरळ ओतलेल्या पाण्यावर एकास पंधरा घ्यावं. हे सगळं गणित त्याच्यासाठी नाही.

## टप्पा ५: मोका पॉट, इथे गणित उलटं चालतं

मोका पॉटमध्ये प्रमाण तुम्ही ठरवत नाही, भांडं ठरवतं. खालच्या टाकीत वाफेच्या झडपेच्या खालपर्यंत पाणी आणि नरसाळ्यासारख्या टोपलीत काठोकाठ, न दाबता पावडर, एवढंच करायचं असतं. टोपली अर्धी भरून 'सौम्य कॉफी' करू नका. अर्ध्या थरातून पाणी एका बाजूने वाट काढतं आणि कॉफी फिकी असूनही कडू होते.

> सावध: पाणी झडपेच्या वर जाऊ देऊ नका आणि पावडर चेपू नका. वाफेला वाट मिळाली नाही तर भांड्यात दाब वाढतो.

म्हणून आधी भांडं मोजून घ्या. माझ्या तीन कपी पॉटमध्ये पाणी १५०, पावडर १६ ग्रॅम बसते आणि वर कॉफी साधारण ११५ येते. थोडं पाणी टाकीत मागे राहतं, बाकीचं चोथा धरतो. आता पावडर पक्की आहे, तेव्हा दूध काढायचं. १६ गुणिले १४ म्हणजे २२४, वजा ११५, दूध झालं जवळपास ११०. म्हणजे कॉफीएवढंच दूध. पॉटच्या खोक्यावर 'तीन कप' लिहिलेलं असतं, ते इवल्याशा इटालियन कपांचं माप आहे. आपल्या कपाने ती दीड-दोन माणसांची कॉफी होते.

## टप्पा ६: ड्रिपर, एस्प्रेसो, कोल्ड ब्रू

ड्रिपरवर सहसा कोरीच करतात, तेव्हा पुड्यावरचं एकास सोळा तसंच वापरा. १५ ग्रॅम पावडर, २४० पाणी, त्यातलं ४० आधी ओतून अर्धा मिनिट थांबायचं. कपात २१० येते. २१० भागिले १५ म्हणजे १४. पुड्याचा सोळा आणि आपला चौदा एकच आहेत, एक ओतलेल्या पाण्यावर मोजलेला, दुसरा कपातल्या कॉफीवर.

एस्प्रेसोचं मशीन असलंच, तर तिथे प्रमाण कपात आलेल्या कॉफीवरच मोजतात. सुरुवात एकास दोन, १८ ग्रॅम पावडरीला कपात ३६ ग्रॅम.

कोल्ड ब्रूवर थोडं थांबतो, कारण आपला उन्हाळा. ६० ग्रॅम जाड पावडर, ४८० ग्रॅम गार पाणी, झाकण लावून फ्रीजमध्ये १४-१६ तास. गाळल्यावर ३६० च्या आसपास दाट अर्क मिळतो. ६० गुणिले १२ म्हणजे ७२०, म्हणून अर्काएवढंच पाणी किंवा दूध मिसळायचं. या वाढीव भागात बर्फही मोजा. ग्लासात १०० ग्रॅम अर्क असेल, तर बर्फ आणि दूध मिळून १००. अर्क दुधाने दुप्पट करून वर चार खडे टाकले, तर मे महिन्यात पाच मिनिटांत ते वितळतात आणि तळाशी पांढुरकं पाणी उरतं. भिजवण फ्रीजमध्येच ठेवा. 'खोलीच्या तापमानाला रात्रभर' हा सल्ला थंड हवेच्या गावांचा आहे. ४४ अंशांच्या दिवसानंतर आपली खोली रात्रीही भट्टीच असते आणि सकाळी अर्काला आंबूस वास येतो.

## टप्पा ७: चाखून आकडा हलवा

पहिला कप प्यायल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: कॉफी पातळ-दाट यात बिनसलीये की आंबट-कडू यात? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

पातळ किंवा फार दाट वाटली तर प्रमाण बदला. कपाचा आकडा एका वेळी एकनेच हलवा आणि पावडर नव्याने काढा. भाचीने १२ चा ११ केला, ३६० भागिले ११ म्हणजे पावडर ३३ ग्रॅम, पाणी २६६.

कडू-तुरट किंवा आंबट-कच्ची वाटली तर प्रमाणाला हात लावू नका. दळण बदला. कडू असेल तर जरा जाड, आंबट असेल तर जरा बारीक.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे कॉफी कडू लागली की पावडर कमी करणं. ऐकायला बरोबर वाटतं, पण पाणी तेवढंच ठेवून पावडर घटवली की प्रत्येक कणाच्या वाट्याला जास्त पाणी येतं. ते कणातला शेवटचा कडवटपणाही ओढून काढतं, आणि कॉफी पातळही होते, कडूही. आमच्या शेजारच्या काकूंनी असं करत करत १५ ग्रॅमची ९ ग्रॅम केली होती आणि वर साखर वाढवत होत्या. पावडर परत १५ वर नेली, दळायच्या यंत्रावर दोन खुणांनी दळण जाड केलं, आणि साखर आपोआप एका चमच्यावर आली.

> थांबा, तपासा: एका दिवशी एकच गोष्ट बदला. पावडर, दळण आणि दूध तिन्ही एकदम बदललीत तर चांगला कप जमेल कदाचित, पण तो परत जमणार नाही.

आकडा स्थिरावला की डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. भाचीच्या डब्यावर आता असं आहे: *पावडर ३३, पाणी २६६, ४ मिनिटं, दूध १८०, कप २.* पुडा बदलला की भाजणी बदलते आणि पट्टीवरचं जुनं वजन चालेलच असं नाही. तेव्हा नव्या पुड्याचा पहिला कप परत १२ च्या आकड्याने करायचा आणि पट्टी नव्याने लिहायची.